संतापाचे इंग्रजी करताना

आमच्या वाड्यावरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मे महिन्यात माझ्या हाती एक कागद ठेवला आणि म्हणाले, "तू वर्तमानपत्रात आहेस. याचे इंग्रजी करून दे. आमच्या पुतण्याने केले होते, त्याचा उपयोग झाला नाही." तो कागद म्हणजे एका फ्रीज कंपनीला लिहिलेले तक्रारपत्र होते. सरांचे मराठी करकरीत आणि हस्ताक्षर मोत्यासारखे. पत्र असे होते :

"महाशय, आपल्या कंपनीचा फ्रीज मी गेल्या वर्षी चवथीच्या आधी विकत घेतला. पुरते आठ महिने झाले नाहीत तोच तो बंद पडला. तुमचा माणूस येऊन बघून गेला. कॉम्प्रेसर गेला असे त्यानेच सांगितले. चार दिवसांत येतो म्हणाला, तो आजतागायत उगवलेला नाही. वर तक्रार निकालात निघाल्याचा निरोप तुम्ही पाठवता! तुम्हाला थोडी तरी लाज वाटायला हवी होती. गिऱ्हाईक म्हणजे काय मूर्ख समजलात? घरात आजारी माणूस आहे, त्याची तुम्हाला काय पर्वा? पैसे घेताना गोड बोलायचे आणि नंतर तोंड लपवायचे, ही शुद्ध चारसोवीसगिरी आहे. तरी आपण ताबडतोब नवीन फ्रीज पाठवून द्यावा. अन्यथा होणाऱ्या परिणामांना तुम्ही जबाबदार राहाल. कळावे."

मराठी वाचकाला या पत्रात उद्धटपणा दिसणार नाही. एक वयोवृद्ध गृहस्थ रागावले आहेत आणि त्यांना रागावण्याचा अधिकार आहे, एवढेच दिसेल. पुतण्याने त्याचे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केले आणि ई-मेलने पाठवले. (ती इंग्रजी वाक्ये येथे देवनागरीतच देतो.) ‘यू शुड हॅव सम शेम.’ ‘डू यू थिंक कस्टमर्स आर फूल्स?’ ‘धिस इज प्युअर फोर-ट्वेंटी.’ ‘सेंड न्यू फ्रीज इमिजिएटली, अदरवाइज यू विल बी रिस्पॉन्सिबल फॉर द कॉन्सिक्वेन्सेस.’ दोन दिवसांनी कंपनीचे उत्तर आले. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो, आमच्या प्रतिनिधींशी संवाद साधताना कृपया सभ्य भाषा वापरावी आणि तक्रार क्रमांक व बिलाची प्रत पाठवावी, असे त्यात होते. फ्रीजविषयी एक अक्षरही नव्हते.

सरांचा संताप त्यामुळे दुप्पट झाला. पण उत्तर देणाऱ्याच्या बाजूनेही पाहावे लागते. त्याच्यासमोर आलेल्या मजकुरात तक्रार क्रमांक नव्हता, एकही तारीख नव्हती, शिव्यासारखी वाक्ये मात्र चार होती. त्याला जे उत्तर देणे सर्वांत सोपे होते, ते त्याने दिले. पत्रातला उद्धटपणा ग्राहकाला महाग पडतो तो असा. मूळ विषय बाजूला राहतो आणि पत्राची भाषा हाच विषय होऊन बसतो.

हा उद्धटपणा आला कोठून? मूळ पत्रातील सर्वनामे पाहा. सर ‘आपल्या कंपनीचा’ असे आदराने सुरू करतात. राग चढत जातो तसे ‘तुमचा माणूस’, ‘तुम्ही पाठवता’, ‘तुम्हाला लाज’ असे ते ‘तुम्ही’वर उतरतात. मागणीच्या वाक्यात मात्र स्वतःला सावरून पुन्हा ‘आपण’ म्हणतात. ‘तू’वर ते एकदाही येत नाहीत. म्हणजे ऐन संतापातही त्यांनी एक मर्यादा पाळली आहे आणि मराठी वाचकाला ती ऐकू येते. इंग्रजीत या सगळ्याचे एकच ‘यू’ होते. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ यांच्यातला चढउतार नाहीसा होतो आणि वाक्यात उरतो तो केवळ प्रहार.

क्रियापदांचेही तसेच. ‘पाठवून द्यावा’ हे विध्यर्थी रूप आहे. त्यात मागणी आहे, पण हुकूम नाही. ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवावा’ अशा तीन पायऱ्या मराठीत आहेत आणि सरांनी त्यांतली सर्वांत वरची वापरली होती. ‘सेंड’ म्हटले की तिन्ही पायऱ्या सपाट होतात आणि खालची तेवढी उरते. हे टाळण्यासाठी बहुतेकजण ‘यू शुड सेंड’ असे लिहितात. इंग्रजी वाचकाला ते उपदेशासारखे लागते. ‘यू मस्ट सेंड’ म्हणजे तर दटावणी झाली. मराठीतील ‘-वा’ची जागा इंग्रजीत क्रियापदाच्या रूपाने भरून निघत नाही. ती वाक्याचा कर्ता बदलून भरावी लागते. ‘तुम्ही असे करा’ ऐवजी ‘मी हे मागतो आहे’ असे म्हणायचे. ‘आय ॲम आस्किंग फॉर’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य ठाम असते आणि समोरच्याच्या अंगावरही जात नाही.

अनुवादाला बसण्यापूर्वी मी सरांना काही प्रश्न विचारले. फ्रीज नेमका कधी घेतला, कितीला घेतला, तक्रार कधी नोंदवली, माणूस कोणत्या तारखेला आला? सरांनी आतून एक फाइल आणली. निवृत्त मुख्याध्यापकांची फाइल ती, तिच्यात सगळे होते. खरेदी 28 ऑगस्ट 2024, किंमत 31,490 रुपये. 3 एप्रिल 2025 रोजी फ्रीज थंड होईनासा झाला, त्याच दिवशी दूरध्वनीवरून तक्रार दिली. 7 एप्रिलला तंत्रज्ञ आला आणि भेटीच्या चिठ्ठीवर त्याने कॉम्प्रेसर बदलावा लागेल असे लिहिले. 16 एप्रिलला मोबाइलवर तक्रार ‘रिझॉल्व्ड’ असल्याचा संदेश आला. वॉरंटीपत्रात संपूर्ण फ्रीजसाठी एक वर्ष आणि कॉम्प्रेसरसाठी दहा वर्षे अशी मुदत होती. इतका भक्कम पुरावा घरात असताना पत्रात त्यातले काहीच का नव्हते? कारण संतापलेल्या माणसाला या गोष्टी सर्वांना ठाऊकच आहेत असे वाटत असते. त्याला त्या सांगायच्या नसतात, त्यांवरचा आपला निवाडा सांगायचा असतो.

म्हणून पत्रातील प्रत्येक प्रक्षुब्ध वाक्यासमोर मी एक प्रश्न मांडत गेलो : हे वाक्य बोलायला लावणारी घटना कोणती? ‘लाज वाटायला हवी होती’ या वाक्यामागची घटना म्हणजे दुरुस्ती न करता तक्रार बंद केल्याचा संदेश. लाज काढणे ही मराठीत घरातली भाषा आहे. ज्याला आपण आपला मानतो त्याचीच लाज काढतो आणि मुख्याध्यापकांनी तर आयुष्यभर वर्गात तेच केलेले असते. अनोळखी माणसाला इंग्रजीतून ‘शेम’ म्हटले की तो सरळ अपमान ठरतो. तेव्हा वाक्य असे केले : ‘ऑन 16 एप्रिल आय रिसिव्ह्ड अ मेसेज दॅट द कंप्लेंट वॉज रिझॉल्व्ड. नो रिपेअर हॅड बीन डन.’ दुसरे वाक्य मुद्दाम तोकडे ठेवले. पहिल्याला ‘बट’ने जोडले असते तर त्याची धार गेली असती. हे वाचणाऱ्याला शरम वाटायची असेल तर ती येथेच वाटेल, त्यासाठी तो शब्द लिहावा लागत नाही.

‘मूर्ख समजलात?’ आणि ‘काय पर्वा?’ हे प्रश्न उत्तरासाठी विचारलेले नाहीत. मराठीत असे प्रश्न विधानाचेच काम करतात. इंग्रजीतही असे प्रश्न असतात, पण तक्रारपत्रात ते टोमण्यासारखे लागतात आणि वाचणाऱ्याला बचावाच्या पवित्र्यात ढकलतात. ‘मूर्ख समजलात’मागे वेगळी घटना सापडली नाही, लाजेच्या वाक्यामागचीच होती. ते वाक्य गाळले. अनुवादात गाळणे हे पाप आहे असे शिकवले जाते. साहित्यात ते खरेही आहे. येथे मात्र पत्र वाचून कोणीतरी कॉम्प्रेसर घेऊन यायचे होते.

‘घरात आजारी माणूस आहे’ हे वाक्य मात्र मी गाळू शकलो नाही. त्यात काहीतरी दडलेले होते. विचारले तेव्हा कळले की काकूंना मधुमेह आहे. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते, आणि गेला दीड महिना ते शेजारच्या घरातील फ्रीजमध्ये होते. रात्रीअपरात्री गरज पडली तर शेजाऱ्यांचे दार वाजवायचे. सरांना ते लिहिणे कमीपणाचे वाटले होते, म्हणून त्यांनी ‘आजारी माणूस’ एवढेच लिहिले आणि उरलेली जागा रागाने भरून काढली. इंग्रजीत हे एक साधे वाक्य झाले : ‘माय वाइफ टेक्स इन्सुलिन, व्हिच मस्ट बी रेफ्रिजरेटेड. वुई हॅव केप्ट इट ॲट अ नेबर्स हाउस सिन्स 3 एप्रिल.’ सगळ्या पत्रात कठोर असे वाक्य हेच, आणि त्यात कोणाला काही म्हटलेले नाही.

सौम्य करण्याच्या भरात काही गोष्टी निसटतात, त्यांतली एक म्हणजे ‘च’. ‘कॉम्प्रेसर गेला असे त्यानेच सांगितले.’ पुतण्याच्या इंग्रजीत येथे नुसते ‘ही टोल्ड’ होते. पण या ‘च’मध्ये सरांची निम्मी बाजू आहे. बिघाड कॉम्प्रेसरचा आहे हे ग्राहकाचे अनुमान नाही, कंपनीच्या माणसाचे लेखी निदान आहे. म्हणून ‘युवर ओन टेक्निशियन रेकॉर्डेड, ऑन 7 एप्रिल, दॅट द कॉम्प्रेसर नीड्स रिप्लेसमेंट’ असे लिहिले. ‘ओन’ हा ‘च’चा अनुवाद, आणि ‘टोल्ड’चे ‘रेकॉर्डेड’ झाले, कारण चिठ्ठी हाती होती. ‘उगवलेला नाही’ यातील उपरोध मात्र सोडून दिला आणि ‘ही हॅज नॉट रिटर्न्ड’ एवढेच ठेवले. इंग्रजीत उपरोध आणला असता तर तो दुरुस्तीला येणाऱ्या त्या पोरावर गेला असता. त्याच्याकडे सुटा भाग पोचवणे त्याच्या हातात नव्हते.

‘चारसोवीसगिरी’वर मी सर्वाधिक वेळ घालवला. हा शब्द मराठीत इतका घासला गेला आहे की त्यात आरोप उरलेला नाही, केवळ चीड उरली आहे. तो आला भारतीय दंड संहितेच्या कलम 420 वरून. ती संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचा तो गुन्हा कलम 318 मध्ये गेला. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने चारसोवीस आता चारसोवीसही राहिलेला नाही. (भाषेला याची गरज नाही, ती तो शब्द अजून शंभर वर्षे वापरील.) इंग्रजीत ‘चीटिंग’ किंवा ‘फ्रॉड’ लिहिले की तो फौजदारी आरोप होतो. मुळातच फसवण्याचा हेतू होता, असे त्यात गृहीत धरलेले असते. येथे तसे नव्हते. फ्रीज सात महिने चांगला चालला होता. सिद्ध न होणारा आरोप केला की सिद्ध होणारी तक्रारही संशयास्पद ठरते. शिवाय अशा शब्दानंतर कंपनीचे उत्तर ग्राहक सेवेकडून न येता कायदा विभागाकडून येऊ शकते, आणि तेथे घाई कोणालाच नसते.

या जागी लागू पडणारा शब्द ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये तयार आहे. वस्तूतला तो दोष आणि सेवेतली ती त्रुटी, असा भेद तो कायदा करतो. निष्काळजीपणा किंवा करायचे ते न केल्यामुळे ग्राहकाचे नुकसान होणे हेही त्रुटीच्या व्याख्येत येते. इंग्रजीत ‘डेफिशियन्सी इन सर्व्हिस’. शब्द कोरडा आहे आणि त्यात शिवी नाही. पण तो वाचल्यावर ग्राहकाला कायदा ठाऊक आहे हे कंपनीच्या लक्षात येते. ‘क्लोजिंग द कंप्लेंट विदाउट रिपेअर इज अ डेफिशियन्सी इन सर्व्हिस’ हे वाक्य ‘शुद्ध चारसोवीसगिरी’पेक्षा मऊ वाटते, पण ते जास्त लागते.

मागणीविषयी सरांचा आणि माझा थोडा वाद झाला. त्यांना नवीन फ्रीज हवा होता. पण वॉरंटी दुरुस्तीची होती, आणि हक्कापेक्षा मोठी मागणी पहिल्याच दमात केली की समोरच्याला ‘नाही’ म्हणायला कारण मिळते. ग्राहक आयोगाला दोष दूर करायला लावणे, वस्तू बदलून द्यायला लावणे, किंमत परत करायला लावणे, असे आदेश देता येतात. आम्ही मागणीची उतरंड साधारण तशीच लावली. 28 मेपर्यंत कॉम्प्रेसर बदलून मिळावा. न मिळाल्यास फ्रीज बदलून द्यावा किंवा 31,490 रुपये परत करावेत. इंग्रजीत : ‘आय ॲम आस्किंग फॉर द कॉम्प्रेसर टू बी रिप्लेस्ड बाय 28 मे.’ ‘ताबडतोब’ हा शब्द गेला आणि त्याच्या जागी तारीख आली. ‘इमिजिएटली’ला मुदत नसते, त्यामुळे ती उलटूनही जात नाही.

‘परिणामांना तुम्ही जबाबदार राहाल’ हे आपल्याकडे नोटिशीतले ठरीव वाक्य आहे, ते वाचून कोणी दचकत नाही. तेच इंग्रजीत आल्यावर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला मारहाणीची धमकी वाटू शकते. परिणाम कोणता ते सांगितले की धमकीची माहिती होते : ‘इफ धिस इज नॉट डन, आय विल फाइल अ कंप्लेंट बिफोर द डिस्ट्रिक्ट कंझ्युमर कमिशन.’ हे खरोखर करता येण्यासारखेही होते. 2019 च्या कायद्याप्रमाणे ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दावा लावता येतो, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. जे करणार नाही त्याची भाषा पत्रात घालू नये, असे मी सरांना म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "मी करणारच आहे."

एवढे झाल्यावर माझ्या हातून उलट दिशेची चूक होणार होती. शेवटी सवयीने मी ‘काइंडली लुक इंटू द मॅटर अँड डू द नीडफुल’ असे लिहून गेलो. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती’ या आपल्या सरकारी अर्जातल्या वाक्याचे ते भाषांतर. त्यात उद्धटपणा नाही, पण मागणीही नाही. ‘लक्ष घालावे’ असे म्हटले की ‘लक्ष घातले आहे’ असे उत्तर देऊन तक्रार पुन्हा बंद करता येते. शिवाय आधीच्या वाक्यात मागितलेली तारीख त्याने पुसली जाते. ते वाक्य काढले. संपूर्ण पत्रात ‘प्लीज’ एकदाच ठेवले, उत्तर याच ई-मेलवर लेखी द्यावे या विनंतीत.

विषयाच्या ओळीत फ्रीज 3 एप्रिलपासून बंद आणि तक्रार दुरुस्तीविना बंद, एवढेच लिहिले. पहिल्या वाक्यात तक्रार क्रमांक आणि बिल क्रमांक, चिठ्ठीचे व संदेशाचे छायाचित्र सोबत. नऊ-दहा वाक्यांत पत्र संपले. मी ते सरांना मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "यात माझा राग कुठे आहे?" मी तारखा पुन्हा वाचल्या, तीन, सात, सोळा आणि आजची एकोणीस, आणि त्यानंतर इन्सुलिनचे वाक्य. ते काही बोलले नाहीत. काकू आतून म्हणाल्या, "असू दे, बरे आहे."

एक गोष्ट मात्र मला इंग्रजीत आणता आली नाही. सरांनी मूळ पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ लिहिले नव्हते आणि शेवटी ‘कळावे’ लिहून ‘लोभ असावा’ गाळले होते. जुन्या वळणाच्या माणसाने लोभ गाळणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. पत्रातील सर्वांत तीव्र रोष त्या न लिहिलेल्या दोन शब्दांत होता. मी शेवटी रीतीप्रमाणे ‘युवर्स फेथफुली’ घातले होते. सरांनी त्याचा अर्थ विचारला. ‘आपला विश्वासू’ असे सांगताच ते ताठ बसले. "विश्वासू? यांचा? मी?" मी ते शब्द काढून टाकले. पत्राखाली नुसते नाव राहिले.

26 मे रोजी तंत्रज्ञ आला आणि कॉम्प्रेसर बदलून गेला. बंद केलेल्या तक्रारीविषयी कंपनीने अजून एक ओळ लिहिलेली नाही. सरांनी तो ई-मेल छापून फाइलीत लावून ठेवला आहे, मूळ मराठी पत्राच्या मागे.